शॉकच्या फलकावर ‘करण्यापूर्वी’ नको

प्रश्न: शॉक लागल्यावर काय करायचं याचा इंग्रजी फलक आमच्या वर्कशॉपसाठी मराठीत केला. शब्द बरोबर आहेत, तरी सरावात पोरं आधी माणसालाच धरायला धावली. चुकलं काय?

उत्तर: तुमच्या फलकावर ‘रुग्णाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करा’ असंच काहीतरी असणार. व्याकरणाला त्यात खोट नाही. पण इंग्रजीत स्विच आधी येतो आणि हात नंतर. मराठीत ‘पूर्वी’वालं वाक्य पुढे सरकतं आणि क्रम उलटतो. घाबरलेला माणूस पूर्णविरामाची वाट बघत नाही. ‘रुग्णाला हात’ एवढं कानावर पडलं की तो निघालाच.

म्हणून वाक्य तोडा: ‘थांबा. हात लावू नका. मेन स्विच बंद करा. मग रुग्णाजवळ जा.’

याच तोडण्यावरून आमचा फलक एका कार्यालयात अडकला होता. मूळ एक वाक्य तर भाषांतरही एकच हवं, हा त्यांचा हट्ट. तपासणाऱ्यांनी वाक्यं मोजली, पण फलक वाचून कोणी जागचं उठून पाहिलं नाही. चार वाक्यं म्हणजे ‘मजकुरात भर’, असा शेरा आला! असो.

उलट ‘तर’च्या बाबतीत मराठी आपल्या बाजूने असते. इंग्रजीत ‘छाती दाबा’ आधी आणि अट शेवटी असली, तरी इंग्रजीच्या क्रमामागे जाऊ नका. ‘हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही? १०८ ला फोन लावा, स्पीकरवर ठेवा. श्वास बघा. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर छाती दाबा.’ आचक्यांचा उल्लेख गाळू नका, लोक त्यालाच श्वास समजतात. दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०, पण तो आकडा कृतीच्या नंतर, वेगळ्या ओळीत. वाक्याच्या मधोमध आकडा आला की वाचणारा तिथेच अडखळतो.

तपासायचं असं: एकाने मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक क्रियापदाशी थांबायचं. दुसऱ्याने फलक न बघता, ऐकलं तेवढंच करायचं. हात चुकीच्या जागी गेला की ते वाक्य बदला. ज्याला प्रथमोपचार येतात तो यासाठी निरुपयोगी, कारण तो आठवणीतून करतो. नवा हेल्पर घ्या.

मी डॉक्टर नाही, भाषेपुरतं बोलतोय. वाक्यं तोडून झाल्यावर प्रशिक्षित माणसाकडून पुन्हा तपासून घ्या, कारण तोडताना एखादी अट गळून पडते.

आणि बाहेर तुटून पडलेल्या उच्च दाबाच्या तारेसाठी वेगळा फलक लावा. तिथे स्विच आपल्या हातात नसतो आणि वाळकी काठीही भरवशाची नाही. त्यावर पहिली ओळ ‘लांब राहा’, दुसरी ‘वीज कंपनीला आणि १०८ ला फोन करा’, तिसरी ‘वीज बंद झाली असं कंपनीने सांगितलं, की मगच जवळ जा’. ‘वीज बंद होईपर्यंत’ने सुरू होणारं लांबलचक वाक्य तिथेही नको.