तारीख सातव्या ओळीत होती

"मॅडम, शनिवारची पालकसभा पुढे ढकलल्याचा मेसेज ग्रुपवर टाकायचा आहे. दोन दिवसांपासून लिहिते आहे आणि खोडते आहे. काही पालकांनी रजा टाकली असेल. कुणी सगळ्यांसमोर सुनावले तर मी काय करू?"

नाशिकमध्ये समुपदेशन करताना शिक्षिकांकडून ही काळजी मी इतक्या वेळा ऐकली आहे की, अनेकींचे अनुभव एकत्र करून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून एका शिक्षिकेची हकिगत येथे मांडते आहे. त्या सहावीच्या वर्गशिक्षिका होत्या आणि शाळेत सगळे त्यांना बाई म्हणत. 2025 च्या श्रावणात, शनिवारी 2 ऑगस्टला, त्यांच्या वर्गाची पालकसभा ठरली होती. सोमवारी दुपारी त्यांना त्याच शनिवारच्या प्रशिक्षणाचा आदेश मिळाला. मुख्याध्यापकांनी नवीन तारीख तेव्हाच ठरवून दिली होती. 9 ऑगस्टला राखीपौर्णिमा आणि 16 ला गोपाळकाला असल्यामुळे सभा थेट शनिवारी, 23 ऑगस्टला घ्यायची होती. बाईंनी ही माहिती फक्त पालकांपर्यंत पोहोचवायची होती. बुधवारी संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हाही ती पोहोचलेली नव्हती.

मसुदा त्यांच्या मोबाइलमध्ये होता आणि मी तो मोठ्याने वाचायला सांगितला. सुरुवातीला सर्व सन्माननीय पालकांना सस्नेह नमस्कार होता. त्यानंतर पालकांच्या सहकार्याबद्दल शाळेची कृतज्ञता होती, पाठोपाठ प्रत्येकाच्या वेळेचे मोल शाळेला ठाऊक असल्याची ग्वाही होती आणि मग "काही अपरिहार्य कारणास्तव" सुरू होणारे एक लांब वाक्य होते. क्षमायाचना तीनदा आली होती.

मी त्यांना विचारले, "तुमच्या वर्गातल्या अशा एखाद्या पालकाची आठवण काढा, ज्यांना वाचायला वेळच नसतो."

त्या लगेच म्हणाल्या, "एका मुलाचे वडील सातपूरच्या कंपनीत आहेत. दुसरी पाळी असते. जेवणाच्या सुट्टीतच मोबाइल बघतात."

"आता तुम्ही ते वडील आहात. हाच मेसेज वाचा आणि सभा कधी आहे ते मला सांगा."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ओळी खाली सरकवल्या. सातव्या ओळीपाशी थांबल्या. तेथे 2 ऑगस्ट आणि 23 ऑगस्ट या दोन्ही तारखा एकाच वाक्यात होत्या आणि दोन्हींसोबत वार नव्हता. काही क्षण त्या गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, हे पालकांसाठी लिहिलेलेच नाही. हे मी माझ्या बचावासाठी लिहिले आहे."

हे वाक्य त्यांना सापडायला आधीच्या भेटींची तयारी होती. तरीही योग्य क्षणी वाचकाची जागा बदलायला लावणारा तो प्रश्न मला सुचला, याचे मला आजही समाधान वाटते. कोणी अजून एक शब्दही बोललेले नसताना बाईंनी मनात खटला उभा केला होता, स्वतःला आरोपी केले होते आणि मेसेजमधून निर्दोष सुटण्याची तजवीज चालवली होती. कामावरून थकून आलेल्या माणसाला ती तजवीज वाचावी लागते, त्याला हवी असलेली तारीख तिच्याखाली दडते, आणि मग तो शनिवारी जुन्याच वेळेला शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. ज्या रागाची बाईंना भीती होती, तो राग त्यांचा मसुदाच ओढवून घेणार होता.

माझ्या विचारांची बैठक अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची आहे, आणि अशा प्रसंगी ती फार नेमकी उपयोगी पडते. मी बाईंना विचारले, "पालक नाराज होऊ नयेत अशी तुमची इच्छा आहे, की कोणीही नाराज होताच कामा नये असा तुमचा हट्ट आहे?" त्या म्हणाल्या की, आत्तापर्यंत त्या याला इच्छाच समजत होत्या, पण दोन दिवसांची झोप पाहता हा हट्टच असावा. इच्छा असेल तर माणूस गैरसोय कमी करण्याचा प्रयत्न करतो आणि उरलेली नाराजी सोसतो. हट्ट असेल तर एकाही पालकाची भुवई उंचावणे असह्य वाटते, आणि असह्य वाटणारी गोष्ट माणूस लांबणीवर टाकतो. बुधवार उजाडला तो त्यामुळेच. आदेश सोमवारी आला होता; त्याच संध्याकाळी कळवले असते, तर रजेचा अर्ज मागे घ्यायला पालकांना चार दिवस मिळाले असते.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. सगळी काळजी मनाचीच असते असे समजून पालकांच्या खऱ्या नुकसानाकडे दुर्लक्ष करणे हा विवेक नव्हे. अंबड किंवा सातपूरला कंत्राटी काम करणाऱ्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी जाणे असते. दिंडोरी-निफाडकडून येणाऱ्या पालकाला शेतातले काम दुसऱ्या कोणावर सोपवून यावे लागते. म्हणून मी बाईंना दोन याद्या करायला सांगितल्या. पालकांचे जे खरोखर बिघडते ते पहिल्या यादीत, आणि आपल्याला नुसते वाटते ते दुसऱ्या यादीत. पहिल्या यादीत तीनच गोष्टी आल्या. काहींनी रजा घेतली असेल, काहींना 23 तारखेला जमणार नाही, आणि घटक चाचणीचे गुण कळायला तीन आठवडे उशीर होईल. दुसरी यादी बरीच लांब होती. "मला बेजबाबदार समजतील" हे तिच्यातले पहिले वाक्य होते. मेसेज पहिल्या यादीला उत्तर देण्यासाठी लिहायचा आणि दुसरी यादी माझ्याकडे ठेवून जायची, असे आमचे ठरले.

तिसऱ्या मुद्द्यावर बाईंना स्वतःच वाट सुचली. उत्तरपत्रिका दाखवण्यासाठी सभेची वाट पाहण्याचे कारण नव्हते. त्या शुक्रवारी मुलांबरोबर घरी देता येत होत्या. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. सभा पुढे गेली की, ज्यांच्या मुलाचे गुण कमी असण्याची शक्यता आहे ते पालक तीन आठवडे तर्क करत बसतात आणि त्या तर्कांचा ताप घरी मुलाला होतो. काय पुढे गेले आहे याच्याबरोबरच काय ठरल्याप्रमाणेच होणार आहे, हे मेसेजमध्ये असले तर त्या तर्कांना फारशी जागा उरत नाही.

माझ्यासमोर बसून त्यांनी नव्याने लिहिले ते असे:

"इयत्ता सहावी ब : पालकसभेची तारीख बदलली आहे.
शनिवार, 2 ऑगस्टची सभा होणार नाही.
नवीन तारीख : शनिवार, 23 ऑगस्ट, सकाळी 9 ते 11. ठिकाण तेच, सहावी बचा वर्ग.
2 तारखेला मला शासकीय प्रशिक्षणासाठी जावे लागत आहे. 9 ला राखीपौर्णिमा आणि 16 ला गोपाळकाला असल्याने त्यानंतरचा शनिवार घेतला आहे.
घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका शुक्रवारी, 1 ऑगस्टला मुलांबरोबर घरी पाठवत आहे. पाहून, सही करून सोमवारी परत द्याव्यात.
ज्यांना 23 ला येणे शक्य नाही, त्यांनी सोमवार, 18 ऑगस्टपर्यंत मला कळवावे. त्यांना सोमवारी, 25 ऑगस्टला सायंकाळी 5 ते 6 या वेळेत शाळेत भेटता येईल.
ज्यांनी 2 तारखेसाठी रजा घेतली होती त्यांची गैरसोय झाली, याबद्दल मी दिलगीर आहे."

दिलगिरी एकदाच आली आहे, आणि ती कोणाच्या कोणत्या गैरसोयीबद्दल आहे हे स्पष्ट आहे. कारण खरे आणि एका ओळीचे आहे. "अपरिहार्य कारणास्तव" असे लिहिले की पालक आपापली कारणे शोधू लागतात. "पुढच्याच्या पुढच्या शनिवारी" असे न लिहिता वार आणि तारीख जोडीने दिली आहे, कारण मेसेज दोन दिवसांनी वाचणाऱ्याचा पुढचा शनिवार वेगळा असू शकतो. पाठवण्यापूर्वी वार आणि तारीख दिनदर्शिकेत ताडून पाहावी. त्यांचा मेळ बसला नाही तर निम्मे पालक वार धरतात आणि निम्मे तारीख.

बाईंचे बोट तरीही पाठवण्याच्या खुणेपाशी थबकले. "रात्री अजून एकदा वाचून पाठवू का?" असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, "रात्री तुम्ही चुका शोधणार नाही, पालकांचे चेहरे शोधाल." त्यांनी संध्याकाळी सातच्या आधी मेसेज पाठवला. चूक राहिलीच तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून 15 मिनिटे मजकूर दुरुस्त करता येतो. पूर्वी त्या मेसेज काढून टाकून पुन्हा लिहीत, पण काढून टाकल्याची खूण ग्रुपवर राहते आणि काय होते म्हणून विचारणा सुरू होते. मेसेज ग्रुपच्या वर पिन करून ठेवता येतो, म्हणजे शुभेच्छांच्या गर्दीत तो खाली जात नाही.

मेसेज गेला म्हणजे तो सर्वांना मिळालाच असे मात्र नाही. अनेक घरांत ग्रुपवरचा क्रमांक वडिलांचा असतो आणि सभेला आई येते. म्हणून गुरुवारी बाईंनी मुलांच्या वहीत तीच तारीख लिहून दिली आणि पालकांची सही मागवली. शुक्रवारी ज्यांच्या सह्या नव्हत्या त्यांच्यापैकी ग्रुपवरही मेसेज न वाचलेल्यांना त्यांनी फोन केले. ग्रुपमधला मेसेज कोणी वाचला याची यादी त्याच मेसेजच्या माहितीत दिसते. ती याच कामापुरती पाहावी. निळ्या खुणा मोजत बसण्याची सवय बाईंना होती आणि ती मोडायला आम्हाला वेळ लागला.

ज्याची भीती होती ते घडलेच. एका वडिलांनी ग्रुपवर लिहिले, "आधी सांगायला काय झाले होते? माझी रजा मंजूर झाली आहे." पूर्वीच्या बाईंनी खासगीत दहा ओळींचे स्पष्टीकरण पाठवले असते किंवा मोबाइल बंद केला असता. या वेळी त्यांनी ग्रुपवरच उत्तर दिले : "आपले म्हणणे बरोबर आहे. आदेश सोमवारी आला, मी आज कळवले. दोन दिवस आधी कळवायला हवे होते. 23 ला रजा मिळत नसेल तर 25 ला संध्याकाळी आपल्यासाठी वेळ ठेवते." त्यावर आणखी दोघांनी नाराजी व्यक्त केली आणि एकाने वेळ मागून घेतली.

पुढच्या भेटीत बाई म्हणाल्या, "त्यांचा राग वाचून छातीत धडधडले, पण मी जेवले आणि झोपले." मी त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवली होती. धडधड नाहीशी करण्याचे वचन मी कोणालाही देत नाही. ती असताना योग्य मेसेज योग्य दिवशी पाठवता येतो, हे मात्र शिकवता येते. ज्यांची धडधड मेसेज गेल्यावरही दिवसेंदिवस उतरत नाही, झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडते किंवा शाळेत जाणेच टाळावेसे वाटते, त्यांनी मसुदे सुधारत न बसता समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्यावी.

23 तारखेला बहुतेक पालक आले. रजा वाया गेलेले ते वडील 25 ला संध्याकाळी आले, मुलाच्या गणिताबद्दल बराच वेळ बोलले आणि तारखेचा विषय त्यांनी काढला नाही. दिवाळीनंतरच्या सभेची तारीख ठरवताना बाईंनी मुख्याध्यापकांकडे आधीच एक राखीव तारीख मागितली आणि पहिल्याच मेसेजमध्ये दोन्ही तारखा कळवल्या.