सीएमव्ही, पाळणाघर आणि मुलाचं उष्टं

प्रश्न: मला गरोदरपणाचा नववा आठवडा चालू आहे. मोठा दोन वर्षांचा आहे, पाळणाघरात जातो. पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या सीएमव्ही विषाणूबद्दल वाचल्यापासून झोप उडालीय. त्याला पाळणाघरातून काढू का? घरी काय काळजी घेऊ?

काढू नका, उपयोग नाही. लागण आधीच झाली असेल, तर त्याच्या लाळेतून आणि लघवीतून हा विषाणू महिनोन् महिने बाहेर पडत राहतो आणि पोरगं मात्र मजेत खेळत असतं. त्याची तपासणीही नको. निकाल काहीही आला तरी तुम्हाला पाळायचं तेच आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा थोरली अडीच वर्षांची होती, पाळणाघरात जायची. डायपर बदलला की मी साबणाने हात धुवायचे, त्यात चूक नव्हती. पण तिच्या ताटलीत उरलेला वरणभात कोण संपवायचं? मीच. घास गरम आहे का तेही तिच्याच चमच्याने चाखून बघायचे. अन्न वाया घालवायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं की उष्टं म्हणजे तिची लाळ, हे लॅबमध्ये बसूनही सुचलं नाही. ज्या दिवशी लक्षात आलं, त्या दिवसापासून उरलेलं नवऱ्याच्या ताटात जाऊ लागलं, माझा चमचा आणि पेला वेगळा झाला. पापी घ्यायची ती डोक्यावर, ओठांवर नाही. ब्रशही एकाच पेल्यात एकमेकांना चिकटून ठेवू नका.

शी-शू आवरल्यावर, नाक पुसल्यावर, भरवल्यावर साबणाने वीस सेकंद हात चोळून धुवा. या विषाणूचं आवरण चरबीचं असतं, साबणाने ते फाटतं. तोंडात घातलेली खेळणी साबणाच्या पाण्यातून काढा. फिनेलने अख्खं घर पुसत बसू नका, धोका ओल्या लाळेत आणि लघवीत आहे.

रक्तात आयजीजी, म्हणजे आधी लागण होऊन गेल्याची खूण असलेली अँटीबॉडी, तपासून घ्या. आपल्याकडे बहुतेक बायकांना लहानपणीच लागण होऊन गेलेली असते, त्यांच्या बाळाला धोका बराच कमी. पण पूर्ण टळत नाही, म्हणून वरचं सगळं पाळायचंच. माझ्या रिपोर्टात आयजीजीबरोबर आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीची खूण मानली जाणारी अँटीबॉडीही किंचित पॉझिटिव्ह आली आणि घरात रडारड झाली. आयजीएम मात्र कित्येक महिने रेंगाळतं, कधी खोटंही येतं. त्याच रक्तावर ॲव्हिडिटी, म्हणजे आयजीजी विषाणूला किती घट्ट धरते ते तपासलं, ती जास्त निघाली. म्हणजे लागण तीन-चार महिन्यांपूर्वीची किंवा त्याहून जुनी, आणि मला आठवाच आठवडा होता, म्हणजे लागण दिवस जाण्याआधीचीच. ॲव्हिडिटी कमी आली असती, तर त्याच आठवड्यात फीटल मेडिसिनच्या डॉक्टरांकडे गेले असते, कारण औषधाचा विचार लवकरच करावा लागतो.

शंका उरलीच, तर बाळाची लघवी किंवा लाळ जन्मापासून 21 दिवसांच्या आत पीसीआरला द्या. त्यानंतर सापडलेला विषाणू पोटातला की बाहेरून आलेला, हे सांगता येत नाही. पोटातच लागण झाल्याचं कळलं, तर जन्मतः ऐकू येत असलं तरी बाळाचे कान पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.