चुंबक बंद असतानाही हॉल व्होल्टेज दिसतो?

प्रश्न: रत्नागिरीत बीएस्सीला आहे. जर्मेनियमच्या पट्टीत 5 मिलिअँपिअर सोडले, तर चुंबक बंद असतानाही आडवे 4 मिलिव्होल्ट दिसतात. क्षेत्र 0.3 टेस्ला केल्यावर 34, उलटं केल्यावर −26. जाडी 0.5 मिमी. खरा आकडा कोणता, आणि पट्टी p की n?

उत्तर:

ते 4 मिलिव्होल्ट हॉलचे नव्हेत. आडव्या तारा अगदी समोरासमोर जोडलेल्या नसतात. केसभर पुढेमागे झाल्या की प्रवाहाच्या दिशेतला थोडा व्होल्टेज त्यात शिरतो. क्षेत्र उलटं केलं तरी तो बदलत नाही, म्हणून दोन रीडिंगमधल्या फरकाचं निम्मं घ्यायचं: 60 चं निम्मं, 30 मिलिव्होल्ट.

आता `n = IB/(q t V)` मध्ये घाला. भारवाहकांची घनता येते सुमारे 6.25×10²⁰ प्रति घनमीटर. पट्टीची रुंदी कुठेच लागत नाही, जाडी मात्र नीट मोजा.

प्रकार नुसत्या आकड्यावरून कळणार नाही, दिशा हव्यात. प्रवाह तोच असेल तर इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही एकाच कडेला ढकलले जातात, कारण इलेक्ट्रॉनचा भार उलटा तसा वेगही उलटा. ती कड डाव्या हाताच्या नियमाने शोधा. तिथे धन साचलं तर p, ऋण तर n. चुंबकाचा ध्रुव होकायंत्राने तपासा, रंगावर विसंबू नका (आमचा उलटा रंगवलेला होता!).

पट्टी p निघाली तर 100 अंशांपर्यंत तापवून बघा. कोकणातल्या मे महिन्याने काही होणार नाही, पण तेवढ्या तापमानाला नवे इलेक्ट्रॉन सुटतात, ते होलपेक्षा चपळ असतात, आणि चिन्हच उलटतं. तिथे वरचं सूत्र चालत नाही.