अ‍ॅसिडिटी म्हणून आलेला पेशंट आणि दुसरा ईसीजी

प्रश्न: नाइट शिफ्टला पहाटे छातीत जळजळतं, अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की बरं वाटतं. तरी ईसीजी काढावा का?

काढा, आणि शक्यतो त्रास होत असतानाच काढा. मी एमआयडीसीजवळच्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला ईसीजी काढतो. एका पेशंटचं सांगतो.

प्रेस शॉपचे ऑपरेटर, पंचेचाळिशीचे, तंबाखू खाणारे. पहाटे सुपरवायझर त्यांना घेऊन आला. "कँटीनचं तिखट बाधलंय, एक इंजेक्शन द्या, परत शिफ्टवर जायचंय." हात छातीवर नव्हताच, बेंबीच्या वर, बरगड्या मिळतात तिथे होता. ढेकर आला की हलकं वाटतं म्हणाले. पण ऐन थंडीत अंगाला इतका घाम, की इलेक्ट्रोड चिकटेनात. सिस्टरनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, काही दिवसांपासून भरलेली ट्रॉली ढकलली की तिथेच दाबल्यासारखं व्हायचं आणि थांबलं की जायचं. अ‍ॅसिडिटीला ट्रॉलीशी काय घेणं? गोळीनं बरं वाटायचं म्हणे, पण गोळी घ्यायला ते बसायचे, आणि बसल्यावर हृदयावरचा ताणही उतरायचाच.

पहिला ईसीजी जवळपास नॉर्मल. इथूनच बरेच जण घरी जातात. आमच्या डॉक्टर मॅडमनी जाऊ दिलं नाही, वीसेक मिनिटांनी पुन्हा काढायला लावला. या वेळी II, III आणि aVF या लीडमध्ये आलेखातला एसटीचा भाग वर उचललेला, aVL मध्ये खाली गेलेला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक! ही भिंत श्वासपटलाला टेकलेली असते, त्यामुळे दुखणं पोटात वाटतं, मळमळतं, उलटीही होते.

सुपरवायझरनं खिशातून छातीत दुखल्यावर घेतात ती सॉर्बिट्रेटची गोळी काढली, "जिभेखाली ठेवू का?" मॅडमनी हात धरला. बीपी आधीच कमी होतं. मग मी छातीच्या उजव्या बाजूला लीड लावून पाहिली, तर हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला होता. अशा वेळी त्या गोळीनं बीपी एकदम कोसळतं. त्यांना अ‍ॅस्पिरिन चावायला दिली आणि कॅथलॅबला हलवलं. उजवी धमनी बंद होती, स्टेंट बसला.

तुम्हाला घाम, दम, जबड्यात किंवा हातात कळ, किंवा जिना चढताना येणारा आणि थांबल्यावर जाणारा दाब यातलं काही असेल, तर शिफ्ट संपायची वाट बघू नका. त्रास चालू असेल तर बाइकवर जाऊ नका, 108 लावा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी दुसरा काढायचा का आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी करायची का, हे विचारा. ट्रोपोनिन रक्तात वाढायला काही तास लागतात, म्हणून तीही बहुतेकदा दोनदा करतात. जुना ईसीजी असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, नव्याशी ताडून बघताना डॉक्टरांना तो फार कामाला येतो.