आगीत सापडलेला सिलिंडर ओढायचा नसतो

"घरातला जादाचा, भरलेला गॅस सिलिंडर कुठे ठेवायचा? आणि आग लागली तर तो बाहेर ओढून काढावा का?"

नाही, ओढू नका. याच मुद्द्यावरून माझं आणि दादाचं चार वर्षं वाजतंय.

गावच्या घरी मागच्या पडवीत पाणी तापवायचा बंब, शेजारी सरपण आणि सरपणाला टेकून भरलेला सिलिंडर, ही दादाची मांडणी. मी गणपतीला गेलो की बोलायचो. "इतकी वर्षं काही झालं नाही" हे त्याचं ठरलेलं उत्तर. एका सकाळी बंबातला निखारा पडला आणि सरपण पेटलं. आम्ही पोहोचलो तेव्हा जाळ सिलिंडरच्या खांद्यापर्यंत चढला होता. दादा गोणपाट भिजवून ओढायला निघाला, मी त्याला मागे खेचला. त्याच्या बनियनची बाही फाटली, ती अजून काढून दाखवतो!

सिलिंडरमध्ये खाली द्रव असतो, वर वायू. द्रवाला टेकलेला पत्रा लवकर तापत नाही, कारण उष्णता द्रव खेचून घेतो. वरच्या रिकाम्या भागाला असा आधार नसतो. तिथे पोलाद तापून मऊ पडतं, आतला दाब वाढतच असतो, आणि पत्रा फाटतो. तो कधी फाटेल हे बाहेरून कळत नाही. अशा वेळी त्याला मिठी मारून ओढणार?

घरच्यांना पुढच्या दाराने लांब पाठवलं, १०१ ला फोन लावला, आणि न्हाणीघराच्या चिऱ्याच्या भिंतीआडून विहिरीच्या पंपाचा पाइप सिलिंडरच्या वरच्या भागावर धरला. आग विझल्यावरही पाणी चालू ठेवलं, पत्र्यावरून वाफ निघायची थांबेपर्यंत. नंतर पाहिलं तर वरचा लाल रंग फोड येऊन सोलला होता, खालचा जसाच्या तसा. द्रव कुठवर होता ते रेघ मारल्यासारखं दिसत होतं. दादा तोच शेगडीला जोडणार होता. मी एजन्सीला कळवून परत पाठवला. एकदा भाजलेला सिलिंडर वापरायचा नसतो.

ठेवायचं म्हणाल तर उभा, झडपेवर टोपी लावून, जमिनीलगत वारा खेळेल अशा जागी. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून तळघर, बंद कपाट, गटाराचं तोंड नको. सरपणाजवळ तर नकोच, दादा वाचत असेल तर त्याच्यासाठी.

आता अपवाद. भिंतीची आड आणि पाइप नसता तर मीही पळालोच असतो, तुम्हीही पळा. जाळ अजून लांब असेल, पत्रा हाताला गार लागत असेल आणि वाट मोकळी असेल, तर सिलिंडर उभाच उचलून अंगणात नेणं बरोबर. आणि रेग्युलेटरपाशीच ज्योत असेल तर बटण बंद करा. तिथवर हात पोहोचत नसेल तर ज्योत विझवायच्या भानगडीत पडू नका, न जळलेला गॅस घरभर पसरतो. नुसता वास येत असेल तर दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

दादा म्हणतो, "फुटला नाही ना शेवटी?"