कुत्रा शांत आहे म्हणून थांबू नका: चाव्यानंतरचे पहिले दिवस

प्रश्न: «परवा संध्याकाळी घाटकोपरला आमच्या गल्लीतला नेहमीचा कुत्रा मुलाच्या (वय ८) पोटरीला चावला. दोन दात लागलेत, थेंबभर रक्त आले. कुत्रा ओळखीचा आहे, पण कालपासून कोपऱ्यात पडून आहे, खात नाही. पिसाळल्यासारखा मुळीच वाटत नाही. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवून मग इंजेक्शन सुरू केले तर चालेल का?»

चालणार नाही, आजच मुलाला घेऊन निघा. राजावाडीसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जा, कारण लहान दवाखान्यात लस मिळाली तरी जखमेत टोचायचे सीरम मिळेलच असे नाही. निघण्यापूर्वी जखम वाहत्या नळाखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे, घड्याळ लावून धुवा. दोन दिवस उलटले असले तरी धुवा. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते आणि साधा अंगाचा साबणसुद्धा ते विरघळवतो, त्यामुळे जखमेत उरलेला विषाणू तिथेच निकामी होतो. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नका, पट्टी आवळू नका आणि कोणी टाके घालू म्हणाले तर रेबीजचा विचार केला आहे का, असे आधी विचारा.

घाई का, हे विषाणूच्या वाटेवरून कळते. तो कुत्र्याच्या लाळेतून स्नायूत येतो, तिथल्या मज्जातंतूच्या टोकाला चिकटतो आणि त्या तंतूच्या आतून पाठीच्या कण्याकडे व पुढे मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात, पण चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा बोटांवर असेल तर फार कमी वेळ मिळू शकतो. शिवाय मुलांची उंची कमी असल्याने त्यांना असे चावे अधिक बसतात. एकदा मज्जातंतूत शिरलेल्या विषाणूपर्यंत प्रतिपिंडे नीट पोहोचत नाहीत आणि लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. लसीने शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. मधली पोकळी सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडे, भरून काढते. रक्त आलेला चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो, म्हणून तुमच्या मुलाला लस आणि सीरम दोन्ही लागतील. घोड्यापासून केलेल्या सीरमचे प्रमाण किलोमागे ४० एकके असते; मूल २४ किलोचे असेल तर ९६० एकके, म्हणजे मिलिलिटरमागे ३०० एकके असलेल्या नेहमीच्या बाटलीतून ३.२ मिलिलिटर. ते जखमेत व तिच्या कडेने टोचावे लागते. नुसते दंडात दिले तर त्याचा खरा उपयोग होत नाही. मूल ओरडेल, पण जखमेत टोचू द्या. लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवस उलटल्यावर सीरम देत नाहीत.

लस दंडात देतात. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हा प्रकार केव्हाच इतिहासजमा झाला. त्वचेत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन्ही दंडांवर थोडी थोडी, आणि स्नायूत असेल तर १४ व्या दिवसासह पाच डोस. तारखा कागदावर लिहून घ्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी करा.

आता तुमच्या कुत्र्याबद्दल. लाळ गाळत दिसेल त्याला चावत सुटणारा कुत्रा सगळ्यांना ओळखू येतो. पण रेबीजचे मुके रूपही असते. त्यात कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो, खाणे सोडतो, त्याचे भुंकणे घोगरे होते, खालचा जबडा लोंबू लागतो, मागचे पाय लटपटतात आणि गिळता न आल्याने घशात हाड अडकल्यासारखा दिसतो. पाण्याला तो घाबरत नाही. ते लक्षण माणसात दिसते. तेव्हा ‘पाणी प्यायला, म्हणजे रेबीज नाही’ हा गल्लीतला निवाडा ऐकू नका.

तरी कोपऱ्यात पडलेला प्रत्येक कुत्रा रेबीजचाच असतो असे नाही. ताप किंवा विषबाधाही असू शकते. दहा दिवसांची देखरेख म्हणूनच असते, पण ती उपचार चालू असताना. लक्षणांआधी फार तर काही दिवसच लाळेत विषाणू येतो, आणि लक्षणे दिसल्यावर कुत्रा लवकरच मरतो. म्हणून चाव्यानंतर दहा दिवस तो ठणठणीत राहिला, तर त्या चाव्याच्या वेळी लाळेत विषाणू नव्हता असे समजतात आणि उरलेले डोस द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात. तो मेला किंवा दिसेनासा झाला तर सगळे डोस पूर्ण करा, आणि मेलेल्या कुत्र्याला हात न लावता पालिकेला कळवा.

आणखी एक चौकशी आजच करा: तो खात नाही म्हणून कोणी त्याच्या तोंडात हात घालून हाड पाहिले का, किंवा बळेच दूध पाजले का. ज्यांच्या हातावर ताजा ओरखडा होता आणि त्यावर लाळ लागली, त्यांनीही साबणाने हात धुऊन तुमच्याबरोबरच रुग्णालयात यावे.