बँकेच्या विवरणात टीडीएस ८,००० रुपये, 26AS मध्ये ६,०००च

प्रश्न: कोथरूडच्या शाखेतल्या एफडीच्या २०२४-२५ च्या विवरणात टीडीएस ८,००० दिसतो, आयकर खात्याच्या 26AS या करजमा पत्रकात ६,०००च. आता रिटर्न भरू का?

उत्तर: थांबा, आधी 26AS मध्ये बँकेच्या टॅनखालच्या, म्हणजे तिच्या करकपात क्रमांकाखालच्या, नोंदींच्या तारखा तिमाहीनुसार जुळवा. दर तिमाहीला २०,००० व्याजावर १० टक्क्यांनी २,००० कापले असतील, तर बहुधा जानेवारी-मार्चचीच नोंद गायब सापडेल. या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र भरायला बँकेला ३१ मेपर्यंत मुदत असते, म्हणून ती रक्कम सहसा जूनमध्ये दिसते. नोंदीसमोर F, म्हणजे अंतिम, हवा. U असेल तर चलन जुळलेलं नाही. जून उलटूनही नोंद आली नाही, तर शाखेकडून फॉर्म १६ए घ्या, त्यावरचा पॅन एकेक अक्षर तपासा आणि दुरुस्ती विवरणपत्र भरायला लेखी सांगा. मात्र टीडीएस दिसो वा न दिसो, व्याज पूर्ण ८०,०००च दाखवायचं.